चौकटीची उंची कोणी ठरवायची? व्हिडिओ, नकाशा आणि आयफ्रेमच्या गुणोत्तराचा इतिहास

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एखाद्या प्राध्यापकांचे जुने व्याख्यान तुमच्या महाविद्यालयाच्या वेबपानावर लावलेले आहे, अशी कल्पना करा. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर ते नीट दिसते. तेच पान मोबाइलवर उघडले की दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर व्हिडिओची चौकट पडद्याबाहेर जाते आणि फळ्याचा उजवा भाग पाहण्यासाठी पान आडवे सरकवावे लागते. नाही तर चौकट अरुंद होते, पण तिची उंची तेवढीच राहते आणि चित्राच्या वर-खाली काळे पट्टे येतात. दोन्ही प्रकारांत फळ्यावरचे समीकरण वाचणे अवघड होते.

ही केवळ सजावटीची बाब नाही. मूळ प्रश्न असा आहे : वेबपानावर एखाद्या चौकटीची रुंदी पडद्यावरून ठरत असेल, तर तिची उंची कोणी ठरवायची? या प्रश्नाला सरळ उत्तर मिळायला वेबला सुमारे २५ वर्षे लागली. ते उत्तर कसे मिळाले हे या पाठात आपण क्रमाने पाहू. शेवटी एका व्याख्यानाचा आणि एका नकाशाचा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहू.

१. आयफ्रेम म्हणजे काय?

आयफ्रेम ही एका वेबपानात कापलेली खिडकी आहे. खिडकीतून दिसते ते दुसरे, स्वतंत्र वेबपान. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ३ या ब्राउझरमध्ये १९९६ साली ही सोय आली आणि डिसेंबर १९९७ मध्ये एचटीएमएल ४.० या प्रमाणकात तिला अधिकृत स्थान मिळाले.

आयफ्रेम आणि साधे चित्र यांत एक महत्त्वाचा फरक आहे आणि पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. चित्राच्या फाइलमध्ये त्याची मूळ रुंदी व उंची नोंदलेली असते. चित्र अरुंद करा असे सांगितले की ब्राउझर उंचीही त्याच प्रमाणात कमी करतो. आयफ्रेमला असे स्वतःचे मूळ आकारमान नसते. आतले पान दुसऱ्या संकेतस्थळाचे असेल, तर सुरक्षेच्या नियमांमुळे बाहेरच्या पानाला त्यात डोकावून मोजमापही घेता येत नाही. आत व्हिडिओ आहे, नकाशा आहे की नुसता मजकूर, हे बाहेरच्या पानाच्या दृष्टीने सारखेच. उलट आतले पान खिडकीचा आकार हाच आपला पडदा समजते आणि त्यात स्वतःला बसवून घेते.

आकार सांगितलाच नाही तर काय होते? त्यासाठी प्रमाणकात एक ठरावीक माप दिलेले आहे : रुंदी ३०० पिक्सेल आणि उंची १५० पिक्सेल. हा १५० चा आकडा लक्षात ठेवा. पुढे दोष शोधताना तो उपयोगी पडेल.

२. ठरावीक आकड्यांचा काळ

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. त्या काळात तिथला व्हिडिओ दुसऱ्या पानावर लावण्यासाठी जो कोड मिळे, त्यात ४२५ रुंदी आणि ३५० उंची लिहिलेली असे. हे आकडे कुठून आले असावेत, याचा अंदाज थोड्या गणिताने करता येतो. तेव्हाचे व्हिडिओ बहुतेक ४:३ गुणोत्तराचे असत, म्हणजे रुंदी ४ भाग तर उंची ३ भाग. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याचे गुणोत्तर हेच होते. ४२५ रुंदीला ४:३ प्रमाणे उंची येते सुमारे ३१९. उरलेले सुमारे ३१ पिक्सेल खालच्या बटणांच्या पट्टीला पुरतात. पुढे २००७ मध्ये गूगल मॅप्सने नकाशा लावण्याची सोय दिली, तेव्हा तिथेही ४२५ × ३५० हेच आकडे दिसू लागले. ओपनस्ट्रीटमॅपच्या कोडमध्येही तेच आले.

भारतातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने याच सुमारास एक मोठी घटना घडत होती. सात आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल हा प्रकल्प उभा केला. त्याची कल्पना १९९९ मधली आणि पहिल्या टप्प्याचे काम २००३ पासूनचे. अभियांत्रिकी आणि विज्ञान या विषयांची हजारो तासांची व्याख्याने ध्वनिचित्रमुद्रित झाली आणि पुढे यूट्यूबवर उपलब्ध झाली. यांतील जुनी अनेक व्याख्याने ४:३ चौकटीतली आहेत.

नोव्हेंबर २००८ मध्ये यूट्यूबने आपल्या पडद्याची चौकट ४:३ वरून १६:९ केली. रुंद दूरचित्रवाणी संच आणि नवे कॅमेरे यांचे गुणोत्तर तेच होते. त्यानंतर जुने ४:३ व्याख्यान या रुंद चौकटीत दिसू लागले ते डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे घेऊन. जुलै २०१० मध्ये यूट्यूबने व्हिडिओ लावण्यासाठी आयफ्रेमचा नवा कोडही आणला. आज मिळणारा कोड पाहिला तर त्यात `width="560" height="315"` असे दिसते. ५६० ला १६ ने भागून ९ ने गुणले की बरोबर ३१५ येतात. गुणोत्तर बदलले, पण पद्धत तीच राहिली. चौकटीची उंची पिक्सेलच्या एका ठरावीक आकड्यात कोंडलेली होती.

३. पडदा लहान झाला

पडदे साधारण एकाच मापाचे होते तोवर ठरावीक आकडा चालून गेला. २००७ मध्ये आयफोन आला. त्यावरचा सफारी ब्राउझर पान जणू ९८० पिक्सेल रुंद पडद्यावर आहे असे समजून मांडत असे आणि मग सगळे आक्रसून दाखवत असे. अक्षरे बारीक दिसत, पण मांडणी मोडत नसे. पानाने मोबाइलची खरी रुंदी मानावी असे वाटत असेल, तर पानाच्या डोक्यात पुढील ओळ लिहावी लागते :

```html
<meta name="viewport" content="width=device-width, initial-scale=1">
```

आजही ही ओळ नसेल, तर मोबाइल ब्राउझर जुन्याच रीतीने वागतात आणि पुढे सांगितलेल्या कोणत्याही युक्तीचा अपेक्षित परिणाम दिसत नाही.

मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात लेख लिहून ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव रूढ केले. त्यांच्या पद्धतीतला एक भाग असा की चित्राला `max-width: 100%` हा नियम लावायचा, म्हणजे ते आपल्या रकान्यापेक्षा रुंद होत नाही. चित्राच्या बाबतीत हा नियम उत्तम चालला, कारण चित्राला स्वतःचे गुणोत्तर असते.

हाच नियम आयफ्रेमला लावून पाहू. समजा मोबाइलची रुंदी ३६० पिक्सेल आहे आणि पानाच्या दोन्ही बाजूंना १६ पिक्सेलचा समास आहे. उरलेला रकाना ३२८ पिक्सेलचा. ५६० × ३१५ ची आयफ्रेम ३२८ वर येऊन थांबते, पण उंची ३१५ तशीच राहते. खिडकी जवळपास चौरस झाली. आतला १६:९ व्हिडिओ ३२८ रुंदीला फक्त १८४.५ उंची घेतो. उरलेली सुमारे १३० पिक्सेल उंची दोन काळ्या पट्ट्यांत वाटली जाते, वर ६५ आणि खाली ६५. हे पट्टे आयफ्रेमच्या आतला प्लेअर काढत असतो, त्यामुळे बाहेरून कोणताही नियम लिहून ते पुसता येत नाहीत. खिडकीचा आकार योग्य करणे एवढाच उपाय उरतो.

४. पॅडिंगची युक्ती

या अडचणीवरचे उत्तर मार्कॉट यांच्या लेखाच्या एक वर्ष आधीच, मे २००९ मध्ये, त्याच नियतकालिकात आले होते. लेखक होते तिएरी कोब्लेन्झ. त्यांनी सीएसएसमधील एका जुन्या नियमाचा वेगळाच उपयोग करून दाखवला.

तो नियम असा : पॅडिंग, म्हणजे पेटीच्या कडेची आतली मोकळी जागा, टक्क्यांत दिली तर ते टक्के बाहेरच्या पेटीच्या रुंदीवर मोजायचे. वरच्या आणि खालच्या पॅडिंगलाही हेच लागू. १९९६ मधील सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीपासून हे असेच आहे. उभे माप रुंदीवर मोजणे विचित्र वाटते, पण त्यामागे कारण आहे. वेबपानात रुंदी बाहेरून आत ठरत येते. आधी पडद्याची, मग रकान्याची, मग पेटीची. उंची मात्र आतून बाहेर ठरते, जेवढा मजकूर तेवढी पेटी उंच. खालचे पॅडिंग बाहेरच्या पेटीच्या उंचीवर मोजायचे म्हटले, तर ती उंची या पॅडिंगवर आणि पॅडिंग त्या उंचीवर अवलंबून राहील. हिशेब गोल गोल फिरत राहील. रुंदी आधीच ठाऊक असते, म्हणून ती आधाराला घेतली.

रुंदीवरून उंची ठरवण्याची ही वाट तेव्हा सीएसएसमध्ये खुली होती. कोब्लेन्झ यांनी एक रिकामी पेटी घेतली, तिची उंची शून्य केली आणि खालचे पॅडिंग ५६.२५ टक्के दिले. ९ भागिले १६ म्हणजे ०.५६२५. पेटी आपोआप १६:९ झाली. मग व्हिडिओ तिच्यावर चारही बाजूंनी ताणून बसवला :

```css
.peti { position: relative; height: 0; padding-bottom: 56.25%; }
.peti iframe { position: absolute; top: 0; left: 0;
               width: 100%; height: 100%; border: 0; }
```

इथे `position: absolute` का लागते ते समजून घ्या. पॅडिंगची जागा मजकुरासाठी नसते. आयफ्रेम नेहमीच्या प्रवाहात ठेवली, तर ती पॅडिंगच्या वर, शून्य उंचीच्या भागात जाईल. प्रवाहातून बाहेर काढल्यावर मात्र ती पॅडिंगसकट सगळी पेटी व्यापू शकते. ४:३ व्हिडिओ असेल तर आकडा ७५ टक्के, कारण ३ भागिले ४ म्हणजे ०.७५.

ही युक्ती पुढे दहा-बारा वर्षे सर्वत्र वापरली गेली. २०११ मध्ये आलेली ‘फिटव्हिड्स’ ही जावास्क्रिप्टची छोटी लायब्ररी पानावरचे व्हिडिओ शोधून, प्रत्येकाचे गुणोत्तर त्याच्या लिहिलेल्या रुंदी-उंचीवरून काढून, त्याभोवती अशी पेटी आपोआप घाले. २०१४ मध्ये बूटस्ट्रॅपच्या ३.२ या आवृत्तीत `embed-responsive-16by9` आणि `embed-responsive-4by3` हे तयार वर्ग आले. तुमच्या महाविद्यालयाच्या जुन्या संकेतस्थळाचा कोड उघडलात, तर यांपैकी काहीतरी सापडण्याची बरीच शक्यता आहे.

युक्तीच्या मर्यादाही होत्या. प्रत्येक व्हिडिओला एक जादा पेटी लागे. ५६.२५ हा आकडा पाहून त्याचा अर्थ नव्या माणसाला कळत नसे. आणि पेटी फ्लेक्स किंवा ग्रिड मांडणीचा थेट घटक असेल, तर उभ्या पॅडिंगचे टक्के कशावर मोजायचे याबाबत ब्राउझरांमध्ये काही वर्षे एकवाक्यता नव्हती.

५. सरळ उत्तर

२०२१ मध्ये प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले. सीएसएसमध्ये `aspect-ratio` हा गुणधर्म आला. तो जानेवारीत क्रोम ८८ मध्ये, जूनमध्ये फायरफॉक्स ८९ मध्ये आणि सप्टेंबरमध्ये सफारी १५ मध्ये उपलब्ध झाला. आता पेटी नको, पॅडिंग नको :

```css
.vyakhyan { display: block; width: 100%; height: auto;
            aspect-ratio: 16 / 9; border: 0; }
```

यातील `height: auto` हा भाग अनेकजण विसरतात. यूट्यूबकडून मिळालेल्या कोडमध्ये `height="315"` असते. गुणोत्तराचा नियम एक बाजू मोकळी असेल तेव्हाच लागू होतो. रुंदी आणि उंची दोन्ही ठरलेली असतील, तर गुणोत्तराला करण्यासारखे काही उरत नाही आणि ब्राउझर ते मुकाट्याने बाजूला ठेवतो. `height: auto` लिहिल्याने ३१५ चा आकडा रद्द होतो आणि उंची मोकळी होते.

याच्या उलट चूकही होते. `height: auto` लिहिले, पण `aspect-ratio` लिहिले नाही, तर चित्राप्रमाणे आयफ्रेमही प्रमाणात आक्रसेल असे वाटते. तसे होत नाही. चित्रांच्या बाबतीत ब्राउझर एचटीएमएलमधील रुंदी-उंचीच्या आकड्यांवरून गुणोत्तराचा अंदाज घेतात. आयफ्रेमला ही सवलत नाही. तिची उंची थेट १५० पिक्सेलवर येते. म्हणून व्हिडिओ एखाद्या बुटक्या पट्टीसारखा दिसू लागला, तर ब्राउझरच्या तपासणी साधनात त्याची उंची पाहा. ती नेमकी १५० असेल, तर गुणोत्तर सांगायचे राहिले आहे हे ओळखा.

६. एक व्याख्यान, दोन चौकटी

आता सुरुवातीच्या उदाहरणाकडे येऊ. भारतीय विज्ञान संस्थेतील जुने ४:३ व्याख्यान, मोबाइलवरील ३२८ पिक्सेलच्या रकान्यात.

सवयीने १६:९ ची चौकट दिली, तर तिची उंची १८४.५ येते. त्या उंचीत ४:३ चित्राची रुंदी होते १८४.५ × ४ ÷ ३, म्हणजे २४६ पिक्सेल. उरलेले ८२ पिक्सेल दोन बाजूंना ४१-४१ असे काळे राहतात. कोडमध्ये चूक काहीच नाही, चौकट व्यवस्थित आक्रसली आहे, तरीही पडद्याची चौथाई रुंदी वाया गेली.

त्याच आयफ्रेमला `aspect-ratio: 4 / 3` दिले, तर उंची २४६ होते आणि चित्र पूर्ण ३२८ रुंदी व्यापते. चित्राची प्रत्येक बाजू आधीच्या ४/३ पट झाली, म्हणजे क्षेत्रफळ १६/९ पट, जवळपास पावणेदोन पट. फळ्यावरील अक्षर आधी ९ पिक्सेल उंच दिसत असेल, तर आता १२ दिसेल. घातांक आणि खालची अनुक्रमणी वाचता येणे किंवा न येणे एवढ्याशा फरकावर ठरू शकते.

मात्र इथे घाई करू नका. काही जुनी व्याख्याने यूट्यूबवर चढवण्याआधीच १६:९ च्या फाइलमध्ये रूपांतरित केलेली असतात. अशा फाइलमध्ये काळे पट्टे हे चित्राचाच भाग असतात. तिला ४:३ ची चौकट दिली, तर प्लेअर १६:९ ची पूर्ण फाइल ३२८ × १८४.५ मध्येच दाखवतो आणि वर-खाली आणखी पट्टे घालतो. चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत अडकते आणि अक्षर तेवढेच बारीक राहते. म्हणून आधी फाइलचे खरे माप पाहावे. संगणकावर यूट्यूबच्या व्हिडिओवर उजवी कळ दाबली की यादीत `Stats for nerds` दिसते. त्यात `Current / Optimal Res` या ओळीत ४८०×३६० किंवा ६४०×४८० असे आकडे असतील, तर फाइल ४:३ आहे. ६४०×३६० किंवा १२८०×७२० असेल, तर ती १६:९ आहे आणि बाजूचे पट्टे तिच्यातच भाजलेले आहेत. त्यांच्यापुढे सीएसएसचे काही चालत नाही.

७. नकाशाला स्वतःचे गुणोत्तर नसते

व्हिडिओची युक्ती नकाशालाही जशीच्या तशी लावली जाते. पण दोन्हींत फरक आहे. व्हिडिओला एकच बरोबर गुणोत्तर असते आणि चुकले तर काळे पट्टे दिसतात. नकाशा कोणत्याही आकाराच्या खिडकीत कडेपर्यंत भरून दिसतो, त्यामुळे चुकले तरी डोळ्याला खटकत नाही. जे हरवते ते म्हणजे आतला मजकूर.

वेबवरील नकाशांच्या इतिहासातही बेंगळुरूचे नाव आहे. गूगलच्या तिथल्या अभियंत्यांनी घडवलेले ‘मॅप मेकर’ २००८ मध्ये खुले झाले. ज्या भागांचे तपशीलवार नकाशे उपलब्ध नव्हते, तिथले रस्ते आणि ठिकाणे लोकांनीच भरावीत अशी ती सोय होती. २०१७ मध्ये ती बंद झाली. अशा नकाशांतली बारीक गल्ली किंवा इमारतीचे नाव पुरेशा मोठ्या झूमवरच दिसते. लहान खिडकीमुळे झूम खाली आला, की लोकांनी भरलेला हा तपशील गळून पडतो.

हिशेब करून पाहू. ओपनस्ट्रीटमॅपच्या कोडमध्ये नकाशाच्या चार सीमा लिहिलेल्या असतात. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारासाठी अशा सीमा घेऊ :

```html
<iframe class="nakasha" title="भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर"
 src="https://www.openstreetmap.org/export/embed.html?bbox=77.557,13.011,77.577,13.029"></iframe>
```

म्हणजे पूर्व-पश्चिम ०.०२० अंश आणि दक्षिण-उत्तर ०.०१८ अंश. नकाशा उघडताना हा सगळा भाग खिडकीत मावेल असा सर्वांत मोठा झूम निवडला जातो. झूम पूर्णांकी पायऱ्यांनी बदलतो आणि प्रत्येक पायरी खाली आली की सगळी मापे निम्मी होतात. झूम १५ ला पृथ्वीचे ३६० अंश २५६ × २^१५ पिक्सेलमध्ये पसरलेले असतात, म्हणजे एका अंशाला सुमारे २३,३०२ पिक्सेल. आपली रुंदी होते ४६६ पिक्सेल. उभ्या दिशेला या प्रक्षेपात बेंगळुरूच्या अक्षांशावर थोडा ताण येतो, म्हणून उंची होते सुमारे ४३१.

संगणकावर ६०० × ४५० ची खिडकी असेल, तर ४६६ × ४३१ त्यात मावते. झूम १५ मिळतो. मोबाइलवर ४:३ ची खिडकी ३२८ × २४६ असते. झूम १५ मावत नाही. झूम १४ ला माप २३३ × २१५ होते आणि ते मावते. आता मोबाइलवर व्हिडिओची सवय म्हणून १६:९ दिले, तर खिडकी ३२८ × १८४.५ होते. २१५ उंची तिच्यात मावत नाही. नकाशा आणखी एक पायरी खाली, झूम १३ वर जातो आणि संपूर्ण आवार ११७ × १०८ पिक्सेलच्या ठिपक्यात येते. खिडकी ६१ पिक्सेलने बुटकी झाली एवढेच, पण आवार दिसते ते आधीच्या एक चतुर्थांश क्षेत्रफळात.

म्हणून नकाशाचे गुणोत्तर पडद्यावरून ठरवू नका, दाखवायच्या जागेच्या आकारावरून ठरवा. आपले उदाहरण जवळपास चौरस आहे, त्याला ४:३ बरे. मुंबईसारख्या दक्षिणोत्तर लांब शहराला मोबाइलवर उभी खिडकी हवी. आणखी एक लक्षात घ्या : सीमा मावतात की नाही हे नकाशा उघडताना एकदाच पाहिले जाते. मोबाइल आडवा केला की खिडकी बदलते, पण झूम तोच राहतो. पान पुन्हा उघडल्यावरच नवा हिशेब होतो.

८. आडवा मोबाइल आणि एक शेवटची मर्यादा

रुंदीवरून उंची ठरवण्यात एक धोका उरतो. मोबाइल आडवा धरला, तर रुंदी वाढते आणि पडद्याची उंची कमी होते. समजा पडदा ७४० × ३६० आहे. समास सोडून ७०८ रुंदीच्या १६:९ चौकटीची उंची ३९८ येते, म्हणजे पडद्यापेक्षा जास्त. व्हिडिओची बटणे पडद्याखाली जातात. अशा वेळी व्हिडिओची उंची थेट तोडली, तर गुणोत्तर मोडते आणि पट्टे परत येतात. तोडायची ती रुंदी :

```css
.vyakhyan { max-width: calc(80vh * 16 / 9); margin-inline: auto; }
```

यात `80vh` म्हणजे पडद्याच्या उंचीचे ८० टक्के. रुंदीला त्या उंचीच्या १६/९ पटीची मर्यादा घातली, की उंची आपोआप हद्दीत राहते. ४:३ च्या व्याख्यानाला अर्थातच ४ / ३ लिहायचे. नकाशाला मात्र सरळ `max-height: 80vh` चालते, कारण त्याला मोडण्यासारखे गुणोत्तरच नाही. तिथे ही मर्यादा आणखी एका कारणासाठी हवी. नकाशाने सगळा पडदा व्यापला, तर पान सरकवायला बोट ठेवण्याजोगी मोकळी जागा उरत नाही.

थोडक्यात, १९९६ पासून वेबचा नियम असा होता की रुंदी बाहेरून येते आणि उंची आतल्या मजकुरावरून ठरते. आयफ्रेमच्या आतले बाहेर कळत नाही, म्हणून तिची उंची माणसाने सांगावी लागते. आधी ती पिक्सेलच्या आकड्यात सांगितली, मग पॅडिंगच्या आडून आणि २०२१ पासून गुणोत्तर म्हणून. गुणोत्तर कोणते द्यायचे, हे मात्र अजूनही व्हिडिओच्या फाइलकडे किंवा नकाशावरच्या जागेकडे पाहून तुम्हालाच ठरवायचे आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील एक व्हिडिओ मोबाइलवर उघडा. काळे पट्टे दिसत असतील, तर ते चौकटीमुळे आहेत की फाइलमध्येच आहेत, हे कसे ठरवाल?

२. वरील नकाशाच्या पूर्व-पश्चिम सीमा ०.०१४ अंशांवर आणल्या आणि मोबाइलवर ३:४ ची उभी खिडकी दिली, तर ३२८ रुंदीत कोणता झूम मिळेल? रुंदी आणि उंची दोन्हींचा हिशेब मांडा.